ब्रँड व्हॅल्यूंचा पेच

ब्रँडने लोकांना दोन शब्द दिलेले असतात आणि अशी वेळ येते की एक पाळायचा तर दुसरा मोडावाच लागतो, याला ब्रँड व्हॅल्यूंचा पेच म्हणतात. पैसे आणि तत्त्व यांच्यातली ओढाताण म्हणजे हा पेच नाही, तिथे बऱ्याच जणांची गल्लत होते. अमेरिकेतल्या सीव्हीएस या मेडिकल दुकानांच्या साखळीने 2014 मध्ये सिगारेट-तंबाखू विकणं बंद केलं आणि वर्षाची साधारण 2 अब्ज डॉलरची विक्री सोडली, हे धाडसाचंच होतं, पण तिथे एका बाजूला आरोग्य होतं आणि दुसऱ्या बाजूला मुख्यतः गल्ला. खरा पेच पॅटागोनिया या अमेरिकेतल्या कपड्यांच्या कंपनीच्या जॅकेटचा. कपड्यावर पाणी टिकू नये म्हणून जे कोटिंग लागतं त्यातली जुनी सी-8 रसायनं निसर्गात वर्षानुवर्षं तशीच राहतात, म्हणून कंपनी सी-6 वर गेली, पण ते कोटिंग तितकं टिकत नाही, आणि लवकर निकामी झालेलं जॅकेट लोक लवकर फेकतात. टिकाऊ माल आणि निसर्गाची काळजी, दोन्ही शब्द त्यांचेच होते.

नाशिकमध्ये हा पेच द्राक्षात सगळ्यात स्पष्ट दिसतो. 2010 च्या सीझनला युरोपात भारतीय द्राक्षात क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे आपल्याकडे लिहोसिन म्हणतात ते, मर्यादेपेक्षा जास्त सापडलं आणि निर्यातदार, शेतकरी सगळेच अडकले. हे औषध एप्रिलच्या खरड छाटणीनंतर वेलीची वाढ रोखायला आणि घडनिर्मितीसाठी मारायचे आणि ते वेलीत मुरून पुढे फळात उतरतं. तपासणीच्या यादीत तेव्हा ते नव्हतंच. म्हणजे शेतकऱ्याने लपवलं असं म्हणायची सोय नव्हती आणि माल मात्र फेल.

आता एक उदाहरण बघू, आकडे समजायला घेतलेत. दिंडोरीकडच्या 40 शेतकऱ्यांच्या ग्रुपचा ब्रँड आहे, बॉक्सवर लिहिलंय ‘रेसिड्यू तपासलेली द्राक्षं’, म्हणजे फळात उरलेला औषधाचा अंश तपासलेली, आणि सभासदांना शब्द दिलाय की तुमचा सगळा माल आम्हीच उचलू. प्रत्येकाचा एक एकर, एकरी 10 टन. फेब्रुवारीत एका प्लॉटचा रिपोर्ट येतो, एक औषध किलोला 0.03 मिलिग्रॅम, आणि त्या औषधासाठी वेगळी मर्यादा ठरलेली नसल्यामुळे युरोपची सरसकट 0.01 लागू. निर्यातीचा भाव 90 रुपये, लोकलला 40, म्हणजे त्या शेतकऱ्याचा 5 लाखांचा फरक.

आधी हा पेच खरा आहे का ते तपासायचं. फवारणीची वही काढून औषध कोणतं आणि कधी मारलं ते बघायचं, वरवरचं आणि लवकर विरणारं असेल तर 10-12 दिवस थांबून परत सॅम्पल द्यायचं, दोन्ही शब्द वाचू शकतात. पण लिहोसिनसारखं वेलीत मुरलेलं असेल तर थांबून उपयोग नाही, आणि त्या दिवसांत अवकाळी पाऊस आला तर मणी तडकून सगळंच जातं.

पेच खरा निघाला की बघायचं, नुकसान कोणाच्या माथी न सांगता पडतंय. खाणाऱ्याला 0.03 दिसत नाही, तो बॉक्सवरच्या शब्दावर विश्वास ठेवून खातो. शेतकऱ्याला निदान समोर बसवून सांगता येतं आणि त्याचं नुकसान पैशात भरता येतं. म्हणून माझ्या मते इथे तपासणीचा शब्द राखायचा, माल देशी मर्यादेत बसत असेल तरच ब्रँडचं नाव न लावता लोकलला द्यायचा, तिथेही बसत नसेल तर विकायचाच नाही.

पण मोडलेल्या शब्दाची भरपाई ठरलेली हवी, नुसतं सॉरी म्हणून चालत नाही. सगळ्यांनी किलोमागे 1 रुपया ठेवला तर 4 लाख किलोला 4 लाख जमतात. वही सल्ल्याप्रमाणे असेल तर निम्मा फरक, अडीच लाख, फंडातून द्यायचा आणि वहीत खाडाखोड असेल तर नाही. एका सीझनला दोन प्लॉट फेल गेले की 5 लाख लागतात आणि फंड पुरत नाही, हे सभासदांना छाटणीच्या आधीच सांगायला हवं, कारण फेब्रुवारीत सांगितलं तर ते कोणालाच पटत नाही.

यात सगळ्यात वाईट तिसरी वाट म्हणजे मिक्सिंग, फेल प्लॉटची द्राक्षं पास प्लॉटच्या नावाने पॅक करायची. शेतकरी खूश आणि बॉक्सही जातात, म्हणून ती दोन्ही शब्द पाळल्यासारखी वाटते, पण एक कंटेनर पकडला की उरलेल्या 39 जणांचा मालही संशयात येतो. ओळखायचं सोपं आहे, पॅकहाउसच्या रजिस्टरमध्ये प्लॉट नंबरसमोरचे बॉक्स मोजायचे, एकराच्या बागेतून 10 टनांच्या अंदाजावर 14 टन निघालेले दिसले तर वरचे 4 टन कुठून आले ते त्याच दिवशी विचारायचं.