उलटवलेली स्लाइड छापताना उरणारी करडी झाक

काळ्या पार्श्वभूमीची स्लाइड तशीच छापली तर जवळपास सगळा कागद शाईने भरतो. यावर सगळ्यांना सुचणारा उपाय म्हणजे रंग उलटवणे. संगणक प्रत्येक बिंदूची उजळता 0 ते 255 या आकड्यांत ठेवतो. 0 म्हणजे काळा, 255 म्हणजे पांढरा. उलटवताना हा आकडा 255 मधून वजा करायचा, एवढेच गणित.

पण स्लाइडची ‘काळी’ पार्श्वभूमी सहसा पुरती काळी नसते. समजा तिचा आकडा 30 आहे. उलटवल्यावर तो 225 होतो. पडद्यावर हे पांढऱ्यासारखेच दिसते, पण प्रिंटरसाठी तो पांढरा नव्हे. साध्या काळ्या लेसर प्रिंटरकडे करडा रंग नसतोच. तो बारीक काळे ठिपके विखरून करड्याचा भास निर्माण करतो. 225 साठी ढोबळ हिशेबाने पानाचा 12 टक्के भाग ठिपक्यांनी व्यापला जातो. मजकुराचे साधे पान मात्र साधारण 5 टक्केच धरतात! म्हणजे अक्षरांपेक्षा रिकाम्या जागेवरच जास्त टोनर जातो.

म्हणून उलटवल्यानंतर पांढऱ्याची हद्द खाली आणावी लागते. इमेजमॅजिक या मोफत प्रोग्रॅममध्ये दोन्ही कामे एका ओळीत होतात:

```
magick slide.png -negate -level 0%,85% print.png
```

255 चे 85 टक्के म्हणजे सुमारे 217. त्यापुढचे सगळे बिंदू थेट 255 होतात, त्यामुळे आपली 225 ची पार्श्वभूमी कोरी होते. खात्री करायची तर चित्राच्या प्रोग्रॅममधल्या रंग टिपणाऱ्या साधनाने रिकाम्या जागेचा आकडा पाहा. इथे डोळ्यांवर भरवसा नको; 250 आणि 255 मधला फरक त्यांना कळत नाही. मात्र हद्द फार खाली नेली तर फिकट रेघा आणि आलेखांच्या जाळ्या पुसल्या जातात.

उलटवल्यावर रंगही बदलतात. पिवळी अक्षरे निळी होतात, ते चालते. लाल रेघ मात्र आकाशी होते आणि शेजारी ‘लाल रेघ पाहा’ असे लिहिलेले असेल तर वाचणारा गोंधळतो. छायाचित्रांची निगेटिव्ह होते, म्हणून तेवढा भाग निवडून मूळ रूपात ठेवावा.

स्कॅन केलेल्या पुस्तकाची अडचण वेगळी. तिथे कागद उजळच असतो, पण बांधणीजवळ सावली पडते. कडेला कागद 200 आणि अक्षर 60 असेल, तर घडीजवळ कागद 110 आणि अक्षर 33 भरते. पूर्ण पानाला 128 ही एकच हद्द लावून त्याखालचे सगळे बिंदू काळे आणि वरचे पांढरे केले, तर घडीजवळचा कागद अक्षरांसकट काळा होतो. इथे वजाबाकीऐवजी भागाकार कामी येतो. पानाची खूप धूसर प्रत काढली की अक्षरे विरतात आणि जवळजवळ फक्त कागदाचा उजेड उरतो. मूळ पानाला त्या प्रतीने भागायचे. दोन्हीकडे कागद 1 च्या आसपास येतो आणि अक्षर 0.3 च्या. त्यानंतर एकच हद्द सगळ्या पानाला पुरते. फक्त जाड मथळे आणि मोठी काळी चित्रे धूसर प्रतीतही टिकतात, त्यामुळे भागाकारानंतर ती आतून पोकळ दिसू लागतात. तसे दिसले की धूसरपणाची त्रिज्या वाढवायची.