व्हिसा नकाराचे उत्तर: खुलासा

“कामाचा व्हिसा नाकारला, तर कळकळीचे विनंतीपत्र लिहून सगळी कागदपत्रे पुन्हा जोडली की काम होते ना?”

नाही. नकारपत्रात नोंदवलेली कारणे दूर झाली आहेत का, हे अधिकाऱ्याला दिसायला हवे, म्हणून प्रत्येक कारण त्याच क्रमाने, नकारपत्राच्याच शब्दांत उद्धृत करून त्याखाली उत्तर आणि जोडपत्राचा क्रमांक द्यावा.

समजा, कारण असे आहे: “तीन वर्षांचा अनुभव सिद्ध होत नाही.” अनेकदा मूळ अनुभवपत्रात रुजू होण्याची आणि सोडण्याची तारीख किंवा कामाचे स्वरूप नसते. अशा वेळी तेच पत्र पुन्हा पाठवणे व्यर्थ असते. कंपनीकडून तारखा, पद व जबाबदाऱ्या नमूद केलेले नवे पत्र घ्यावे आणि त्याच काळाच्या पगारपावत्या व पगार जमा झाल्याचा बँकेचा उतारा जोडावा. या तिन्हींतील तारखा, पद आणि रकमा जुळायलाच हव्यात. कपातीमुळे जमा रक्कम कमी दिसत असेल, तर ते एका वाक्यात स्पष्ट करावे, कारण अशी न उलगडलेली तफावतच नवी शंका निर्माण करते.

पत्र लिहिण्यापूर्वी नकारपत्रातील पुढील मार्ग आणि मुदत मात्र नीट वाचावी: काही देशांत त्याच निर्णयाच्या पुनर्विलोकनात सहसा नवा पुरावा विचारात घेत नाहीत, आणि तेव्हा हीच मांडणी नव्या अर्जासोबत द्यावी लागते.