खान्देशच्या वाट्याचं शून्य

२००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या ३५ जिल्ह्यांना दोन अंकी क्रमांक होते. क्रमांक वायव्य कोपऱ्यातून सुरू झाले, म्हणून नंदुरबार ०१, धुळे ०२ आणि जळगाव ०३. पुढे बुलढाणा ०४ असं करत नागपूर ०९ पर्यंत जाऊन मग शून्य संपतं. कोल्हापूरचा ३४, सांगलीचा ३५. त्यामुळे एक्सेलमध्ये सुरुवातीचं शून्य गळण्याचा त्रास सांगलीच्या कारकुनाला ठाऊकच नसतो. आपल्याकडे मात्र तिन्ही जिल्हे त्यात सापडतात.

हे शून्य शोभेचं नाही. त्याचं मूळ छिद्रं पाडलेल्या कागदी कार्डांत, म्हणजे पंच कार्डांत आहे. १८९० मध्ये अमेरिकेच्या जनगणनेसाठी हॉलेरिथची यंत्रं अशीच कार्डं मोजत होती. १९२८ मध्ये आयबीएमचं ८० रकान्यांचं कार्ड आलं. कार्डावर स्वल्पविराम नसतो, कुठली माहिती कुठे संपली हे फक्त रकान्याच्या जागेवरून कळतं. म्हणून प्रत्येक माहितीला ठरावीक रुंदी द्यावी लागे. आकडा छोटा असेल तर डावीकडे शून्यं भरायची, नाव छोटं असेल तर उजवीकडे रिकाम्या जागा सोडायच्या. पुढे कोबोल भाषेने हीच रीत उचलली. सुरुवातीचं शून्य आणि शेवटची स्पेस ही एकाच सवयीची दोन टोकं आहेत.

बिघाड झाला तो स्प्रेडशीट आल्यावर. १९७९ च्या व्हिसिकॅल्कमध्ये पहिलं अक्षर अंक असेल तर नोंद संख्या, अक्षर असेल तर मजकूर, असा अंदाज बांधला जाई. लोटस १-२-३ मध्ये अंकांनी सुरू होणारा मजकूर हवा असेल तर आधी ' टाकायचं. एक्सेलमध्ये ते चिन्ह आजही चालतं. तसं केलं नाही तर 02 ची संख्या होते, आणि संख्येला सुरुवातीचं शून्य नसतं. सीएसव्ही फाइल थेट उघडली की नेमकं हेच होतं. फाइलमध्ये शून्य असतं, पण उघडणाऱ्याच्या पडद्यावर नाही. तशीच सेव्ह केली की फाइलमधूनही जातं.

शाळांचा यूडायस क्रमांक ११ अंकी असतो: राज्य, जिल्हा, तालुका, गाव, शाळा. आपल्याकडे पुढे राज्याचे 27 असल्यामुळे धुळ्याचा 2702 सुखरूप राहतो. पण तालुक्याच्या कार्यालयात एकाने या क्रमांकातून जिल्हा वेगळा काढला आणि हाताने टाइप केलेल्या जिल्हायादीशी जोडायला घेतला.

```
=VLOOKUP(MID(A2,3,2),F:G,2,FALSE)
```

सगळीकडे #N/A. शेजारच्याने वाकून पाहिलं आणि म्हणाला, "हाई ते सारखंच शे ना भो!" तसं ते दिसायला जवळजवळ सारखंच होतं. MID मजकूर देतं, म्हणजे 02. यादीतल्या रकान्यात मात्र 2 ही संख्या होती. VLOOKUP ला या दोन वेगळ्या वस्तू आहेत. गंमत म्हणजे COUNTIF दोन्हींना एकच मानतं, त्यामुळे "मोजलं तर सापडतंय, शोधलं तर नाही" असा गोंधळ होतो आणि माणूस सूत्रावरच शंका घेऊ लागतो.

खात्री करायला LEN पुरतं. इथे MID चं उत्तर 2, यादीतल्या संख्येचं 1. आणि जुन्या प्रोग्रॅममधून निघालेल्या एका यादीत उत्तर 3 आलं, म्हणजे 02 च्या मागे स्पेस होती. मग यादीच्या डाव्या बाजूला एक नवा रकाना करून सगळं एकाच साच्यात आणायचं आणि जोडणी त्या रकान्यावर करायची:

```
=TEXT(TRIM(F2),"00")
```

TRIM नेहमीची स्पेस काढतं. वेबपानावरून चिकटवलेल्या मजकुरात मात्र 160 क्रमांकाची स्पेस असू शकते. ती TRIM सोडून देतं, तेव्हा SUBSTITUTE(F2,CHAR(160),"") आधी चालवावं लागतं.

मला इथे एक गोष्ट खटकते. बरेच जण उलट वाट धरतात, शून्यं काढून टाकतात. जिल्ह्यासाठी ते खपून जातं, कारण रुंदी ठरलेली आहे. पण एखाद्या संस्थेने सभासदाला 012 आणि दुसऱ्याला 12 दिला असेल, तर शून्य काढताच दोघे एक होतात. तिथे VLOOKUP #N/A देत नाही, पहिला सापडलेला माणूस देतं.

डेटाबेसवाल्यांचा नियम याहून वेगळा आहे. एसक्यूएल सर्व्हर तुलना करताना शेवटच्या स्पेस धरत नाही, म्हणून तिथे जुळलेली यादी एक्सेलमध्ये आणली की तुटते.

२०११ मध्ये जिल्ह्यांना देशभर सलग क्रमांक दिले. नंदुरबार ४९७, धुळे ४९८, जळगाव ४९९. जुन्या फाइलींत मात्र अजून कुठे 01 आहे, कुठे 1.