गरजांची अधिश्रेणी

अब्राहम मॅस्लो (१९०८–१९७०) या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४३ मध्ये मांडलेला मानवी प्रेरणेचा सिद्धांत. शारीरिक गरजा, सुरक्षितता, प्रेम व आपलेपणा, प्रतिष्ठा आणि आत्मवास्तविकीकरण, म्हणजे आपल्या अंगच्या क्षमता पूर्णपणे प्रत्यक्षात आणणे, असे गरजांचे पाच गट त्याने कल्पिले. खालची गरज बऱ्याच अंशी भागली की तिची प्रेरकशक्ती ओसरते व वरची गरज वर्तनाचा ताबा घेऊ लागते, हे त्याचे मुख्य प्रतिपादन. संघटनात्मक वर्तनाच्या अभ्यासक्रमात हा सिद्धांत बहुधा पहिला शिकवला जातो. परंतु तिथे शिकवला जाणारा सिद्धांत आणि मॅस्लोने लिहिलेला सिद्धांत यांत बरेच अंतर आहे. त्यावरची टीका समजून घेण्यासाठी आधी हे अंतर पाहावे लागते.

मूळ मांडणी : हा सिद्धांत मांडणारा लेख 'सायकॉलॉजिकल रिव्ह्यू' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला तेव्हा मॅस्लो ब्रुकलिन कॉलेजात शिकवत होता. विस्कॉन्सिन विद्यापीठातील त्याचे डॉक्टरेटचे काम हॅरी हार्लो यांच्या हाताखाली झाले होते आणि ते माकडांमधील वर्चस्वाविषयी होते. 'आत्मवास्तविकीकरण' ही संज्ञा त्याने कुर्ट गोल्डश्टाइन या मज्जाविकारतज्ज्ञाकडून घेतली आणि तिचा अर्थ बराच संकुचित केला. लेखातील भाषा सावध आहे. एक गरज शंभर टक्के भागल्याशिवाय दुसरी उगवत नाही, हा समज चुकीचा असल्याचे मॅस्लोने तिथेच नोंदवले आहे. समजण्यासाठी म्हणून त्याने काही कल्पित आकडे दिले : सर्वसामान्य माणसाच्या शारीरिक गरजा ८५ टक्के भागलेल्या असतील, सुरक्षिततेच्या ७०, प्रेमाच्या ५०, प्रतिष्ठेच्या ४० आणि आत्मवास्तविकीकरणाच्या १० टक्के. हे आकडे मोजमापातून आलेले नाहीत, तरी काही टिपणांत ते निष्कर्ष असल्यासारखे उतरतात. क्रम उलटा होण्याची उदाहरणेही त्याने दिली आहेत. काहींना प्रेमापेक्षा प्रतिष्ठा आधी हवी असते, काहींची सर्जनशीलता अभावातही टिकते आणि काही जण तत्त्वासाठी सर्वस्व सोडतात. एकाच वर्तनामागे अनेक गरजा एकाच वेळी असू शकतात, हेही तो मान्य करतो.

पिरॅमिडचा उगम : मॅस्लोच्या या लेखात कोठेही आकृती नाही. त्रिकोण कोणी काढला, हा प्रश्न अलीकडेच नीट तपासला गेला. टॉड ब्रिजमन, स्टीफन कमिंग्ज व जॉन बॅलार्ड यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात त्याचा माग व्यवस्थापनाच्या पुस्तकांतून काढला. त्यांच्या मते कीथ डेव्हिस यांच्या १९५७ च्या पाठ्यपुस्तकात गरजा पायऱ्यांच्या रूपात दिसतात, तर आज ओळखीचा असलेला त्रिकोण चार्ल्स मॅकडर्मिड या सल्लागार मानसशास्त्रज्ञाच्या १९६० मधील लेखात येतो. त्याआधीची एखादी आकृती पुढे सापडू शकते, म्हणून 'पहिला' हा शब्द जपून वापरावा. तरी श्रेय मॅस्लोकडे जात नाही, एवढे या पुराव्यावरून म्हणता येते.

या तपशिलाचा सिद्धांताच्या अर्थावर परिणाम झाला आहे. त्रिकोणाच्या आडव्या रेषांमुळे माणूस एका वेळी एकाच थरावर असतो असे वाटते, आणि निमुळत्या टोकामुळे आत्मवास्तविकीकरण मोजक्यांसाठीच असल्याचे भासते. व्यवस्थापकांना त्यातून सोयीचा अर्थ मिळाला : खालच्या कामगाराला पगार व नोकरीची शाश्वती, वरच्या अधिकाऱ्याला प्रतिष्ठा व आव्हान. १९४३ च्या लेखात गरजांची अशी हुद्द्यानुसार वाटणी नाही.

मॅस्लोने हा सिद्धांत उत्तर अमेरिकेतील सिकसिका (ब्लॅकफूट) जमातीकडून घेतला, असेही मत मांडले जाते. १९३८ च्या उन्हाळ्यात तो अल्बर्टातील त्यांच्या वस्तीत काही आठवडे राहिला होता आणि त्या लोकांच्या औदार्याने व आत्मविश्वासाने प्रभावित झाला होता, यात शंका नाही. मात्र पाच गटांचा क्रम तिथून उचलल्याचा थेट पुरावा दिसत नाही. प्रभाव मान्य करून उसनवारीचा दावा बाजूला ठेवणे अधिक सयुक्तिक वाटते.

व्यवस्थापनशास्त्रातील प्रवेश : डग्लस मॅकग्रेगर यांनी १९५७ मधील भाषणात व १९६० च्या ग्रंथात माणूस मुळात कामचुकार असतो असे मानणारा 'क्ष' आणि तो आपणहून जबाबदारी घेतो असे मानणारा 'य' सिद्धांत मांडताना मॅस्लोचा आधार घेतला, आणि ही कल्पना उद्योगजगतात पोहोचली. १९६२ च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियातील नॉन-लिनिअर सिस्टिम्स या कारखान्यात मॅस्लो पाहुणा म्हणून राहिला. तेव्हाच्या नोंदी १९६५ मध्ये पुस्तकरूपाने आल्या. त्यांत तो मोकळेपणाने लिहितो, की आपला सिद्धांत मनोरुग्णांच्या अभ्यासातून आला आहे, आणि तो कारखान्यातील श्रमिकांना लावणे योग्य ठरते का हे पटण्यासाठी आणखी पुष्कळ संशोधन हवे. टीकाकारांच्या आधी सिद्धांतकर्त्यानेच घेतलेली ही शंका पाठ्यपुस्तकांत क्वचितच सापडते.

अनुभवाधिष्ठित चाचण्या : सिद्धांत तपासायचा तर त्यातून खोटी ठरू शकतील अशी विधाने काढावी लागतात. मॅस्लोच्या मांडणीतून अशी दोन विधाने निघतात. पहिले, एखादी गरज जितकी अतृप्त तितकी ती व्यक्तीला अधिक महत्त्वाची वाटेल. दुसरे, ती भागली की तिचे महत्त्व घटेल आणि लगेच वरच्या गरजेचे वाढेल. दुसऱ्या विधानात काळाचा क्रम आहे. त्यामुळे एकदाच प्रश्नावली भरून घेऊन ते तपासता येत नाही, त्याच माणसांना पुन्हा विचारावे लागते.

यासाठी बहुतेक अभ्यासकांनी लायमन पोर्टर यांनी १९६० च्या सुमारास तयार केलेली १३ प्रश्नांची प्रश्नावली वापरली. प्रत्येक प्रश्नाला एक ते सात गुणांत तीन उत्तरे द्यायची असतात : ही गोष्ट सध्या किती आहे, किती असायला हवी आणि ती किती महत्त्वाची आहे. पहिल्या दोन उत्तरांतील फरक म्हणजे अतृप्ती. एक कल्पित उदाहरण घेऊ. एका व्यवस्थापकाने नोकरीतील सुरक्षिततेबाबत 'आहे ४, हवी ६, महत्त्व ६' असे लिहिले. अतृप्ती २ झाली. वर्षभराने बढती मिळून तो कायम झाला आणि 'आहे ६, हवी ६' असे उत्तर आले. अतृप्ती शून्यावर आली. सिद्धांत बरोबर असेल तर सुरक्षिततेचे महत्त्व आता ६ वरून खाली यावे आणि सहकाऱ्यांशी नात्याला दिलेले गुण वाढावेत. अनेक व्यक्तींच्या बाबतीत बोलायचे तर, आजची सुरक्षिततेची तृप्ती आणि उद्याचे तिचे महत्त्व यांत ऋण सहसंबंध दिसावा, आणि आजची तृप्ती व उद्याचे वरच्या गरजेचे महत्त्व यांत धन.

डग्लस हॉल व खलील नुगैम यांनी १९६८ मध्ये या पद्धतीचा पहिला महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी मात्र प्रश्नावलीऐवजी एटी अँड टी कंपनीतील ४९ तरुण व्यवस्थापकांच्या पाच वर्षांतील मुलाखती वापरल्या. गरजेची तृप्ती व तिची तीव्रता यांचा संबंध अपेक्षेच्या उलट, म्हणजे धन निघाला : ज्यांना जे मिळत होते, त्यांना तेच अधिक हवे होते. वर्षे सरता सरता सुरक्षिततेची चिंता घटून प्रतिष्ठा व कर्तृत्वाची ओढ वाढली, हे खरे. पण हा बदल खालची गरज भागल्यामुळे नव्हे, तर नोकरीतील टप्पा बदलल्यामुळे झाला, असा त्यांचा निष्कर्ष होता. एडवर्ड लॉलर व लॉइड सटल यांनी १९७२ मध्ये दोन संस्थांतील १८७ व्यवस्थापकांना सहा महिने ते एक वर्षाच्या अंतराने पोर्टर पद्धतीचे प्रश्न विचारले. त्यांनाही पाच पायऱ्यांना पुष्टी मिळाली नाही. जैविक गरजा खाली आणि बाकी साऱ्या वर, अशी दोनच पातळ्यांची रचना त्यांनी सुचवली. वरच्या पातळीवर कोणती गरज पुढे येईल हे व्यक्तीनुसार बदलते. महमूद वाहबा व लॉरेन्स ब्रिडवेल यांनी १९७६ मध्ये तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा पाच स्वतंत्र गट व त्यांचा ठरावीक क्रम या दोहोंना सुसंगत आधार आढळला नाही. विद्यार्थ्याने एकच टीका लक्षात ठेवायची तर ती या आढाव्याची.

चाचण्यांच्या मर्यादा : या निकालांमुळे मॅस्लो पूर्णपणे खोटा ठरला, असे मात्र म्हणता येत नाही. पोर्टर यांनी शारीरिक गरजा प्रश्नावलीतून वगळल्या होत्या, कारण व्यवस्थापकांच्या त्या भागलेल्याच असतात असे त्यांनी धरले. उत्तरे देणारे सुस्थितीतले पगारदार अमेरिकन होते. म्हणजे ज्या तळाच्या पायरीवर सिद्धांत सर्वांत भक्कम आहे, ती तपासलीच गेली नाही. शिवाय दोन गुणांतील फरक हे माप डळमळीत असते. 'महत्त्वाचे आहे' असे लिहिणे आणि त्या गोष्टीने प्रत्यक्ष वर्तन घडणे, हेही एक नव्हे.

तळाच्या पायरीविषयी वेगळा पुरावा मिनेसोटा विद्यापीठातील उपासमार प्रयोगातून मिळतो. अॅन्सेल कीज यांच्या देखरेखीखाली १९४४–४५ मध्ये ३६ तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवले गेले. त्यांचे वजन जवळजवळ पाव हिश्शाने घटले. त्यांचे विचार, बोलणे आणि स्वप्ने अन्नाभोवती फिरू लागली, मैत्री व इतर गोष्टींतील रस आटला. हे मॅस्लोच्या वर्णनाशी जुळते. पण हे तरुण सदसद्विवेकबुद्धीने युद्धात लढण्यास नकार दिलेले आणि युद्धग्रस्त भुकेल्यांना उपयोग व्हावा म्हणून स्वेच्छेने आलेले होते. मूल्यासाठी त्यांनी भूक पत्करली आणि बहुतेकांनी ती अखेरपर्यंत सोसली. एकाच प्रयोगात सिद्धांताला आधारही मिळतो आणि अपवादही.

आत्मवास्तविकीकरणावरील आक्षेप : सर्वोच्च गरजेचे वर्णन मॅस्लोने स्वतः निवडलेल्या व्यक्तींवरून केले. त्यांत लिंकन, आइन्स्टाइन, एलिनॉर रूझवेल्ट, स्पिनोझा अशी नावे होती, बहुतेक पाश्चात्त्य व पुरुषांची. ज्यांना आधीच आदर्श मानले त्यांचे गुण गोळा करून आदर्शाची व्याख्या करणे यात चक्रक दोष आहे, आणि तो आक्षेप योग्यच आहे.

संस्कृती व पर्यायी मांडण्या : खेर्ट हॉफस्टेड यांनी १९८० मध्ये हा क्रम व्यक्तिवादी अमेरिकन मूल्यांचा असल्याचे म्हटले. एडविन नेव्हिस यांनी १९८३ मध्ये चीनसाठी आपलेपणा तळाशी ठेवणारा वेगळा क्रम सुचवला. क्लेटन अल्डरफर यांनी १९६९ मध्ये अस्तित्व, संबंध व वाढ असे तीनच गट केले आणि वरची गरज अडली की माणूस खालच्या गरजेकडे परततो, ही मॅस्लोत नसलेली बाब जोडली. बढती खुंटलेला कर्मचारी पगारवाढीसाठी अधिक आग्रही का होतो, याचा उलगडा त्यातून होऊ शकतो. लुई टे व एड डीनर यांनी २०११ मध्ये १२३ देशांतील पाहणीची माहिती तपासली. मूलभूत व सुरक्षिततेच्या गरजा साधारणपणे आधी भागतात, हे त्यांना आढळले. मात्र प्रत्येक गरजेचा सुखाशी संबंध इतर गरजांपासून बराचसा स्वतंत्र होता : पोट पुरते न भरलेल्यांनाही नात्यांतून आणि आदरातून सुख मिळत होते.