आईचे माहेरचे आडनाव : एका सुरक्षा प्रश्नाची पार्श्वभूमी

न्यूयॉर्कमध्ये १८५० साली स्थापन झालेल्या एमिग्रंट सेव्हिंग्ज बँकेचे बहुतेक खातेदार आयर्लंडहून आलेले होते. त्यांपैकी अनेकांना सहीही करता येत नसल्याने बँक आपल्या वह्यांत त्यांचे मूळ गाव, आईवडिलांची नावे असा कौटुंबिक तपशील नोंदवून ठेवी आणि पैसे काढायला आलेल्या माणसाला त्यावरून प्रश्न विचारी. अनोळखी शहरात ही युक्ती चालून जाई, कारण तो तपशील दुसऱ्या कोणाला सहजी मिळत नसे.

पुढे अशा प्रश्नांपैकी आईचे माहेरचे आडनाव विचारणारा प्रश्न फोनवरच्या बँकिंगमध्ये आणि तिथून संकेतस्थळांवर आला, पण तोवर सरकारी नोंदी संगणकावर गेल्या होत्या. व्हर्जिल ग्रिफिथ आणि मार्कुस याकोब्सन या संशोधकांनी २००५ साली टेक्सास राज्याच्या जन्म-विवाहाच्या सार्वजनिक नोंदी एकमेकींशी ताडून पाहिल्या. विवाहाच्या नोंदीत वराच्या नावासोबत वधूचे लग्नापूर्वीचे आडनाव असते. त्यामुळे एखादे दुर्मीळ आडनाव असलेल्या मुलाच्या जन्मापूर्वी त्या आडनावाच्या एकाच वराची नोंद आढळली, की त्याच्या आईचे माहेर उघड झालेच. चाळीस लाखांहून अधिक लोकांबाबत हे उत्तर एकमेव, निःसंदिग्ध निघाले. आपल्याकडे तर एवढाही खटाटोप नको : लग्नपत्रिकेत मामाचे नाव आडनावासकट छापलेले असते.

प्रश्न बदलूनही फारसे साधले नाही. सप्टेंबर २००८ मध्ये अमेरिकेच्या उपाध्यक्षपदाच्या उमेदवार सारा पेलिन यांचे याहू खाते एका विद्यार्थ्याने जन्मतारीख, पिनकोड आणि पतीची भेट कुठे झाली याचे उत्तर देऊन ताब्यात घेतले. तिन्ही गोष्टी इंटरनेटवर शोधून मिळण्यासारख्या होत्या. खोटे उत्तर द्यावे, तर ते आपल्यालाच आठवत नाही. गूगलने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतील इंग्रजीभाषक वापरकर्त्यांपैकी सुमारे ४० टक्क्यांना गरजेच्या वेळी स्वतःचे उत्तर सांगता आले नाही. उलट, आवडता पदार्थ कोणता, याचे उत्तर इंग्रजीभाषकांच्या बाबतीत पहिल्याच अंदाजात जवळजवळ २० टक्के वेळा बरोबर येऊ शकत होते. शिवाय पासवर्ड फुटला तर बदलता येतो, माहेर बदलता येत नाही.

त्याच अभ्यासात एसएमएसवर किंवा पर्यायी ईमेलवर आलेल्या कोडने खाते परत मिळवणारे लोक कितीतरी अधिक यशस्वी ठरले. अर्थात भामट्याने बनावट कागदपत्रांवर आपल्या नंबरचे दुसरे सिमकार्ड काढले तर एसएमएसचा कोड त्याच्याच हाती पडतो, म्हणून मुख्य ईमेलसाठी केवळ त्यावर विसंबू नये. सेवा देत असेल तर एकदाच वापरता येणारे रिकव्हरी कोड छापून घरच्या कागदपत्रांत ठेवावेत आणि पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी फोनच्या किंवा संगणकाच्या कुलपाने प्रवेश देणारी किल्ली, दोन वेगळ्या उपकरणांवर नोंदवावी किंवा यूएसबीसारख्या दोन सुरक्षा-कळा नोंदवाव्यात, म्हणजे एक हरवले तरी दुसऱ्यावरून आत जाता येते. सुरक्षा प्रश्न सक्तीचाच असेल, तर आईच्या आडनावाच्या जागी पासवर्ड मॅनेजरने बनवलेली अर्थहीन अक्षरमाला भरावी आणि ती त्याच नोंदीत जपून ठेवावी. मात्र फोनवरून उत्तर विचारणाऱ्या बँकेसाठी उच्चारता येतील असे तीन-चार असंबद्ध शब्द निवडावेत.