एमसीबी आणि आरसीसीबी: तपासणीच्या तक्त्यात दोन वेगळे रकाने हवेत

आयटीआयच्या विद्यार्थ्यांनी घरा-दुकानांच्या वायरिंगची तपासणी प्रकल्प म्हणून घेतली, तर तक्त्यात ‘ब्रेकर आहे’ एवढी नोंद अजिबात पुरत नाही. वीजवाटपाच्या पेटीत म्हणजे डीबीत शेजारीशेजारी बसणाऱ्या एमसीबी आणि आरसीसीबीचे रूप जवळपास सारखे असते, पण एकाचे काम दुसरा करत नाही.

एमसीबी वायर जळण्यापासून वाचवतो. लोड जास्त झाला की आतली द्विधातूची पट्टी तापून वाकते आणि खटका पडतो. शॉर्ट सर्किट झाले तर चुंबकीय कॉइल क्षणात तो पाडते. आरसीसीबी मात्र फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट यांतला फरक बघतो. हा फरक ३० मिलिअँपिअरपर्यंत गेला, म्हणजे करंट माणसातून किंवा भिंतीतून जमिनीत चालला, की तो पुरवठा तोडतो. ओव्हरलोड आणि शॉर्ट सर्किट त्याला कळत नाही.

ओळखायचे कसे? एमसीबीवर ‘सी १६’ असे काही छापलेले असते. आरसीसीबीवर ‘टी’ अक्षराचे बटण आणि ३० एमए किंवा ०.०३ ए ही नोंद असते. त्यावर ४० ए असेही लिहिलेले असते आणि गोंधळ तिथेच होतो. तो आकडा ट्रिप होण्याचा नाही, त्याचे संपर्क किती करंट वाहू शकतात त्याचा आहे. म्हणून त्याच्या मार्गात ४० अँपिअर किंवा त्याहून कमी क्षमतेचा एमसीबी असलाच पाहिजे. दोन्ही कामे एकत्र करणारा आरसीबीओ दिसला तर त्यावर दोन्ही नोंदी सापडतील.

आता एक ज्यूस-नाश्त्याचे दुकान घेऊ. एकाच दीड चौरस एमएमच्या तांब्याच्या वायरवर डीप फ्रीझर ३०० वॅट, मिक्सर ७५०, किटली १५०० आणि इंडक्शन २००० वॅट. बेरीज ४५५० वॅट, २३० व्होल्टला भागले की सुमारे २० अँपिअर. आधी १६ अँपिअरचा एमसीबी वारंवार पडायचा, म्हणून कुणीतरी ३२ चा बसवला. आता तो पडत नाही, कारण ३२ चा एमसीबी ३६ अँपिअरपर्यंत तासभर तसाच राहू शकतो. पाइपमधली दीडची वायर मात्र १०-१५ अँपिअरच्या पलीकडे तापू लागते. इन्सुलेशन कडक, तपकिरी झालेले दिसते ते यामुळेच. मेन बंद करून, प्रशिक्षकांसमोर डीबी उघडून वायरची जाडी आणि एमसीबीचा आकडा जोडीने लिहा. ढोबळ मेळ असा: दीडला १०, अडीचला १६. इथला उपाय मोठा एमसीबी नाही, इंडक्शनला स्वतंत्र वायर हा आहे.

त्याच दुकानात फ्रीझरच्या बॉडीला फेज लागला, तर? अर्थिंगचा रोध २० ओहम धरा. २३० भागिले २० म्हणजे साडेअकरा अँपिअर. हा करंट १६ च्या एमसीबीला नेहमीचा लोड वाटतो. बॉडी जिवंतच राहते. ओल्या हाताने कुणी धरली तर शरीरातून जाणारा करंट एका अँपिअरच्याही खूप खाली असतो, तरी जिवावर बेततो. इथे आरसीसीबीच हवा. अर्थिंग ठीक आहे म्हणून तो लागत नाही, ही समजूत या गणिताने खोटी ठरते. त्यावर १०० किंवा ३०० एमए असेल तर माणसाच्या संरक्षणाच्या रकान्यात त्याची नोंद करू नका.

‘टी’ बटण दाबून आरसीसीबी पडला की त्याची यंत्रणा चालते एवढेच सिद्ध होते. ते बटण आतल्या रेझिस्टरमधून फेज-न्यूट्रलमध्येच करंट वळवते, त्यामुळे अर्थिंग नसतानाही तो पडतो. अर्थिंगची तपासणी वेगळीच करा. बटण दाबूनही पडला नाही आणि पुरवठा चालू असेल, तर तो बदलण्याची शिफारस लिहा.

विनाकारण पडणारा आरसीसीबी हा तपासणीतला सगळ्यात चिवट भाग. अनेकदा दोष न्यूट्रलमध्ये असतो: इन्व्हर्टरचा किंवा शेजारच्या सर्किटचा न्यूट्रल याच न्यूट्रल लिंकवर जोडलेला असतो, नाहीतर सॉकेटमध्ये न्यूट्रल अर्थला टेकलेला असतो. सगळे एमसीबी बंद करूनही दोष जात नाही, कारण एकपोली एमसीबी फक्त फेज तोडतो. म्हणून मेन बंद करून लिंकवरचा एकेक न्यूट्रल सोडवा, उपकरणांचे प्लग काढा आणि ५०० व्होल्टच्या मेगरने प्रत्येक न्यूट्रल ते अर्थ इन्सुलेशन मोजा. जिथे वाचन एक मेगाओहमच्या खाली जाईल, त्या सर्किटमधले सॉकेट आधी उघडा.