गावाला टँकर पायजे? ठराव कुठं द्यायचा अन् त्यात कलेक्टर कुठं येतात

मार्च लागला की आमच्याकडं सरपंच मंडळी गाडी करून थेट कलेक्टर ऑफिसला जातात, निवेदन देतात, फोटो काढतात अन् तोच कागद आठ दिवसांनी फिरून पंचायत समितीत येतो. म्हणजे आठ दिवस वायाच, कारण अर्ज तिथंच द्यायचा असतो.

ग्रामपंचायतीचा ठराव घ्या. त्यात लोकसंख्या, सध्या पाणी कुठून येतं, कोणती विहीर किंवा बोअर आटला हे लिहा, नुसतं "तीव्र टंचाई आहे" लिहून भागत नाही. ठराव बीडीओंकडं दिला अन् पोच घेतली, की तहसील अन् पंचायत समितीचे लोक मिळून पाहणीला येतात. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, जवळपास कुणाच्या विहिरीला पाणी आहे का? असलं तर टँकर नाही, आधी ती विहीर अधिग्रहण होते. म्हणून मालकाचं संमतीपत्र अन् सातबारा आधीच जोडा, फाईल लवकर सरकते.

आता हिशोब बघा. समजा गाव १८०० लोकांचं, माणशी दिवसाला २० लिटर धरतात, म्हणजे ३६ हजार लिटर झालं. १२ हजारांचा टँकर असला तर ३ खेपा मंजूर होतात. पण भरायच्या विहिरीवर लाईटच ४ तास असली तर दोनच खेपा होतात, अन् लॉगबुकवर मात्र तीनची सही मागतात! न आलेल्या खेपेवर सही करू नका, पुढं तक्रार करायला तोच एक पुरावा राहतो.

मग कलेक्टर काय करतात? टंचाईचा कृती आराखडा त्यांच्या मंजुरीनं होतो, ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च अन् एप्रिल ते जून असे तीन टप्पे असतात, त्यात तुमचं गाव आहे का ते पंचायत समितीत आधीच बघून घ्या. तहसीलदार महसूलचे, पाणीपुरवठ्याचे इंजिनिअर झेडपीचे, पोलीस एसपींच्या हाताखाली, रोजचे साहेब तिघांचे वेगळे, पण टंचाईत या सगळ्यांना एका टेबलावर बसवणारे कलेक्टरच. २०१६ ला लातुरात हे उघड दिसलं. पाण्यासाठी मारामाऱ्या होतील म्हणून मार्चमध्ये टाक्या अन् टँकर भरायच्या जागांवर १४४ कलम लावलं, ते जिल्हादंडाधिकारी म्हणून, अन् एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा ते उतरवून शहरात पोचवायची जुळवाजुळवही जिल्हा प्रशासनाकडंच होती. (ते १४४ आता नव्या कायद्यात १६३ झालंय.)

फाईल अडलीच तर महिन्याच्या पहिल्या सोमवारी कलेक्टरांचा लोकशाही दिन असतो, पण रिकाम्या हातानं जाऊ नका. तालुक्याच्या लोकशाही दिनात आधी दिलेल्या अर्जाची पोच सोबत पायजे, नाहीतर परत खालीच पाठवतात.